शिडी घसरते तेव्हा तिचा कोन किती वेगाने बदलतो?

प्रश्न: ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला ०.५ मीटर या स्थिर वेगाने भिंतीपासून दूर ओढलं जातंय. ते टोक भिंतीपासून ३ मीटरवर असताना शिडीचा जमिनीशी असलेला कोन किती वेगाने बदलतोय? मी `tan θ = y/3` घेऊन सोडवलं तर `−0.045` आलं. मैत्रिणीने cos घेतला, तिला `−0.125` मिळालं. पुस्तकात ०.१२५ दिलंय. सर, आकृती एकच, आकडे तेच, मग उत्तरं वेगळी का? tan घेणंच चुकतंय का?

उत्तर:

tan घेणं अजिबात चूक नाही. चूक `y/3` मधल्या त्या ३ मध्ये आहे. तो तुझ्या गणितात यायलाच हवा, पण तू तो अवकलन करायच्या आधी ठेवलास. मैत्रिणीचं उत्तर बरोबर आहे आणि पुस्तकातलंही. त्यांच्यात फक्त ऋण चिन्हाचा फरक आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी tan घेऊनच गणित पूर्ण करू, म्हणजे तुझी वाट कुठे फुटली ते नेमकं दिसेल. खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर `x`, वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची `y`. शिडी घसरत असताना ही दोन्ही अंतरं बदलतात, बदलत नाही ती फक्त शिडीची लांबी. पायथागोरसच्या सिद्धांतावरून वरच्या टोकाचा वेग काढायचा:

```
x² + y² = 25
2x · dx/dt + 2y · dy/dt = 0
dy/dt = −(x/y) · dx/dt = −(3/4)(0.5) = −0.375
```

इथपर्यंत तुझंही असंच असणार, कारण तुझ्या उत्तरात हा `−0.375` दडलेला आहे. पुढची ओळ मात्र अशी हवी:

```
tan θ = y/x
sec²θ · dθ/dt = (x · dy/dt − y · dx/dt) / x²
```

आता, आणि आताच, त्या क्षणाचे आकडे ठेवायचे. `x = 3`, `y = 4`, कर्ण ५, म्हणून `sec²θ = 25/9`.

```
(25/9) · dθ/dt = (3(−0.375) − 4(0.5)) / 9 = −3.125/9
dθ/dt = −3.125/25 = −0.125
```

उजवीकडच्या अंशात दोन पदं आहेत, ती वेगवेगळी सोडवून बघ. पहिल्या पदातून `−0.045` मिळतं आणि दुसऱ्यातून `−0.08`. बेरीज `−0.125`. म्हणजे तुझं उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. वरचं टोक खाली येतंय म्हणून कोन किती कमी होतोय, ते तू काढलंस. खालचं टोक दूर जातंय म्हणून तो आणखी किती कमी होतोय, हा भाग गळला. आणि मोठा वाटा त्याचाच होता.

`y/3` लिहिण्याचा अर्थ काय होतो, ते चित्रात बघितलंस तर ही चूक कायमची लक्षात राहील. `tan θ = y/3` म्हणजे शिडीचं खालचं टोक ३ मीटरवर खिळवून टाकलंय आणि वरचं टोक भिंतीवरून खाली सरकतंय. तसं व्हायचं असेल तर शिडीला आखडावं लागेल. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची शिडी असते ना, तशी. अशा आखडणाऱ्या शिडीसाठी `−0.045` हे अगदी बरोबर उत्तर आहे. पण आपली शिडी ५ मीटरच राहणार आहे. तुझ्या कागदावर पायथागोरसच्या ओळीत `x` चालत होता आणि tan च्या ओळीत तोच `x` थांबला होता. वर्गात वह्या तपासताना मला हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती बहुतेकदा तोंडी प्रश्न विचारला की सुटते: "या ओळीत कोणकोणती अक्षरं हलतायत?" हलणाऱ्या प्रत्येक राशीला अक्षरच राहू द्यायचं. आकडा मिळतो तो फक्त न हलणाऱ्या राशीला, म्हणजे इथे लांबीच्या ५ ला.

मैत्रिणीने cos का निवडला असेल, याचं उत्तरही यातच आहे. tan मध्ये `x` आणि `y` दोन्ही हलतात. cos मध्ये छेद म्हणजे शिडीची लांबी, ती हलत नाही, आणि अंशात `x`, ज्याचा वेग आपल्याला दिलेलाच आहे:

```
x = 5 cos θ
dx/dt = −5 sin θ · dθ/dt
```

`5 sin θ` म्हणजे दुसरं तिसरं काही नसून `y`. म्हणून

```
dθ/dt = −(dx/dt) / y = −0.5/4 = −0.125 रेडियन प्रति सेकंद
```

यात `dy/dt` काढायची गरजच पडली नाही. तू sin घेतला असतास तरी हेच उत्तर आलं असतं, फक्त मग `dy/dt` आधी काढावा लागला असता. कुठलंही गुणोत्तर घे, उत्तर तेच येतं. न आलं तर कुठेतरी एखादं हलतं अक्षर गोठवलं गेलंय, असं समजून मागे जायचं.

आता त्या शेवटच्या सूत्रापाशी जरा थांबू, कारण या गणितातली सगळ्यात सुंदर गोष्ट तिथे आहे. कोनाचा वेग म्हणजे खालच्या टोकाचा वेग भागिले वरच्या टोकाची उंची. खालचं टोक चालतंय जमिनीवर, मग भागाकारात उंची कशाला? शिडीची लांबी का नाही?

कागदावर आकृती काढ. शिडीच्या खालच्या टोकातून सरळ वर एक उभी रेघ ओढ. वरच्या टोकातून भिंतीपासून दूर जाणारी आडवी रेघ ओढ. दोन्ही जिथे छेदतात त्या बिंदूला `P` म्हणू. भिंत, जमीन आणि या दोन रेघा मिळून एक आयत होतो. शिडी त्याचा एक कर्ण असते आणि `P` हा भिंतीच्या पायथ्यासमोरचा कोपरा.

एखादी वस्तू एका बिंदूभोवती फिरत असली की तिच्यावरचा प्रत्येक बिंदू, तो आणि केंद्र जोडणाऱ्या रेषेला काटकोनात हलतो. शिडीचं खालचं टोक आडवं हलतंय, म्हणजे केंद्र त्याच्या उभ्या रेघेवर असणार. वरचं टोक उभं हलतंय, म्हणजे केंद्र त्याच्या आडव्या रेघेवर असणार. दोन्हींत सामाईक बिंदू एकच, `P`. म्हणजे त्या क्षणापुरती सगळी शिडी, हवेतल्या त्या रिकाम्या बिंदूभोवती फिरत असते. याला क्षणिक परिभ्रमण केंद्र म्हणतात. "क्षणिक" हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढच्या क्षणी आयत बदलतो आणि `P` सुद्धा सरकतो.

आता खालच्या टोकाचं `P` पासूनचं अंतर किती? बरोब्बर `y`, म्हणजे ४ मीटर. वेग ०.५, म्हणून फिरण्याचा वेग `0.5/4 = 0.125`. वरच्या टोकाचं `P` पासूनचं अंतर `x`, म्हणजे ३ मीटर. त्याचा वेग ०.३७५, म्हणून `0.375/3 = 0.125`. दोन्ही टोकं एकच आकडा सांगतात, आणि सांगायलाच हवा, कारण शिडी ताठ आहे. अवकलनाची एकही ओळ न लिहिता उत्तर पडताळता आलं. मी स्वतः अशा गणितात आधी हे चित्र काढतो आणि मग समीकरणाकडे वळतो.

पुस्तकातल्या चिन्हाचं आता बघू. `θ` जमिनीशी असलेला कोन घेतला की तो कमी होतो, म्हणून `dθ/dt` ऋण. भिंतीशी असलेला कोन घेतला असता तर तो `90° − θ`, आणि त्याचा वेग `+0.125` आला असता. "किती वेगाने कमी होतोय" असं विचारलं असेल तर उत्तर ०.१२५, कारण "कमी होतोय" या शब्दांतच ऋण चिन्ह येऊन गेलं. तुझ्या प्रश्नात "किती वेगाने बदलतोय" असं आहे, म्हणून मी `−0.125` लिहीन आणि पुढे एका वाक्यात "कोन कमी होत आहे" असं म्हणेन.

एककाकडे मात्र नीट लक्ष दे. मीटर प्रति सेकंदाला मीटरने भागलं की फक्त "प्रति सेकंद" उरतं, आणि त्याच्या मागे जो कोन आहे तो रेडियनमधलाच असतो. cos चं अवकलन `−sin` येतं ते कोन रेडियनमध्ये मोजला तरच. त्यामुळे "सेकंदाला ०.१२५ अंश" असं लिहिलं तर सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. अंशात हवं असेल तर `180/π` ने गुण: सेकंदाला सुमारे ७.१६ अंश. हे पटण्यासारखं आहे का, तेही बघता येतं. सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने खालच्या टोकाला भिंतीपासून ५ मीटर जायला १० सेकंद लागतात. तेवढ्यात शिडी ९० अंशांतून शून्यावर येते, म्हणजे सरासरी सेकंदाला ९ अंश. ७.१६ त्याच्या आसपास आहे. सेकंदाला ०.१२५ अंशाने शिडी १० सेकंदांत जेमतेम सव्वा अंश झुकली असती.

कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर याहून नेमकी पडताळणी होते. खालचं टोक ३ वरून ३.०१ मीटरवर जायला ०.०२ सेकंद लागतात. `cos⁻¹(0.6)` म्हणजे ५३.१३०१ अंश, `cos⁻¹(0.602)` म्हणजे ५२.९८६७ अंश. फरक ०.१४३४ अंश, भागिले ०.०२, म्हणजे सेकंदाला ७.१७ अंश. आपल्या ७.१६ शी जुळलं. तुझं `−0.045` अंशात बदललं तर सेकंदाला २.५८ अंश होतं, ते कुठेच जुळत नाही.

सरासरी ९ आणि या क्षणी ७.१६, याचा अर्थ कोन सारख्या वेगाने बदलत नाही. हे हाताने करून बघ. जाड पुठ्ठ्याची २५ सेंटिमीटर लांबीची पट्टी काप. एका मोठ्या कागदावर काटकोनात दोन रेघा ओढून त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कर. आपल्या शिडीची ही वीसपट लहान प्रत झाली. इथे खालचं टोक १ सेंटिमीटर सरकवणं म्हणजे खऱ्या शिडीचे ०.४ सेकंद. पट्टीची दोन्ही टोकं रेघांवरच ठेवून खालचं टोक एकेक सेंटिमीटर पुढे ने.

शून्यावरून १ वर नेलंस तर वरचं टोक हललंय हेही कळणार नाही. ते २५ वरून २४.९८ वर येतं, मात्र पट्टी २.३ अंशांनी झुकते. १५ वरून १६ वर नेलंस की वरचं टोक २० वरून सुमारे १९.२ वर येतं आणि पट्टी २.९ अंश झुकते. हीच आपली "३ मीटर"ची जागा आहे. २.९ भागिले ०.४ केलंस तर सेकंदाला सव्वासात अंशांच्या जवळपास मिळेल. आणि शेवटचं पाऊल बघ: २४ वरून २५. खालचं टोक तेवढंच १ सेंटिमीटर सरकलं, पण वरचं टोक ७ वरून थेट शून्यावर आलं, आणि पट्टी एका पावलात १६ अंशांहून जास्त फिरली. खालचा हात तेवढाच हलला, वरच्या हाताला मात्र धावावं लागलं. `P` बिंदू आठव: उंची `y` कमी होत जाते तसा तो खालच्या टोकाच्या जवळ येतो, आणि तोच वेग कमी अंतरावरून मिळवायचा तर पट्टीला जास्त वेगाने फिरावं लागतं.

इथून पुढचा प्रश्न बहुतेक पुस्तकं सोडून देतात, पण तो तुझ्या मनात यायला हवा. `dθ/dt = −0.5/y` मध्ये `y` शून्याकडे गेला तर वेग अनंताकडे जातो. `dy/dt = −(x/y)(0.5)` चंही तसंच. म्हणजे जमिनीला टेकताना शिडीच्या वरच्या टोकाचा वेग अनंत? खऱ्या शिडीचं असं होत नाही, हे तर उघड आहे. मग गणित कुठे मोडलं?

अवकलनात काहीच मोडलेलं नाही. मोडतं ते पहिलंच समीकरण. `x² + y² = 25` हे शिडीचं वरचं टोक भिंतीला टेकलेलं असेपर्यंतच खरं आहे. भिंत त्या टोकाला ढकलू शकते, धरून ओढू शकत नाही. सूत्राला हवा तेवढा वेगवान फिरा गुरुत्वाकर्षण देऊ शकलं नाही, की टोक भिंतीपासून सुटतं. तो क्षण काढता येतो. भिंत गुळगुळीत आणि शिडी सर्वत्र सारख्या वजनाची माना. खालचं टोक स्थिर वेगाने चालतंय, म्हणून त्याच्याभोवती बलाचं आघूर्ण घेतलं तरी चालतं. शिडीची लांबी `L`, वस्तुमान `m`, खालच्या टोकाचा वेग `v`, भिंतीचा दाब `N`:

```
mg · (x/2) − N · y = (m L²/3) · (v² x / y³)
```

उजवीकडचा `v² x / y³` हा कोनाच्या वेगातला बदल, `−v/y` चं पुन्हा एकदा अवकलन करून मिळालेला (चिन्ह सोडून). शिडी सुटते तेव्हा `N = 0`. दोन्ही बाजूंचा `m` आणि `x` जातो आणि उरतं:

```
y³ = 2 L² v² / (3g)
```

`L = 5`, `v = 0.5`, `g = 9.81` ठेवलं तर `y³` सुमारे ०.४२५, म्हणजे `y` सुमारे ०.७५ मीटर. वरचं टोक जमिनीपासून पाऊण मीटरवर असताना भिंत सोडतं. त्या वेळी खालचं टोक ४.९४ मीटरवर असतं आणि शिडी सेकंदाला ०.६६५ रेडियनने, म्हणजे सुमारे ३८ अंशांनी फिरत असते. तुझा ३ मीटरचा क्षण, जिथे `y = 4`, या हद्दीच्या कितीतरी आत आहे, म्हणून `−0.125` वर शंका घ्यायचं कारण नाही. पट्टीच्या प्रयोगात शेवटच्या पावलाला वरचं टोक तू हाताने रेघेवर धरून ठेवलं होतंस, म्हणून तिथे सूत्र शेवटपर्यंत चाललं.

भिंत सुटल्यावर शिडी खालच्या टोकाभोवती नुसती पडते. तिथे ऊर्जेचा हिशोब लागू होतो. शिडी फिरण्याचा वेग `ω` म्हणू:

```
ω² = 0.665² + (3g/L) · (0.75/5)
```

यातून जमिनीला टेकताना `ω` सुमारे १.१५ रेडियन प्रति सेकंद येतो, म्हणजे वरचं टोक सेकंदाला साधारण ५.८ मीटर वेगाने आपटतं. जोरात, पण अनंत वेगाने नाही.